राउटरचा पासवर्ड चिठ्ठीवरच लिहा!

सगळे पासवर्ड जपून ठेवणारं पासवर्ड मॅनेजर ॲप कशाला हवं? पिवळी चिठ्ठी घ्या, ठळक अक्षरात पासवर्ड लिहा आणि राउटरच्या डोक्यावर चिकटवा. राउटर दिवसरात्र गरम असतो, त्यामुळे डिंक सुटून चिठ्ठी कपाटामागे जाईल. जाऊ द्या, तिथल्या पालीलाही नेट लागतं.

राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड `admin` असेल तर बदलूच नका. पाठांतर वाचतं.

पासवर्ड कशाचा, हे चिठ्ठीवर लिहू नका. एक वाय-फायचा, एक `192.168.1.1` उघडल्यावर लागणारा, एक प्रोव्हायडरने इंटरनेट जोडणीसाठी दिलेला `PPPoE`चा. ऐनवेळी तिन्ही तिन्हीकडे टाकून बघायचे, मजा असते.

चिठ्ठी सापडली नाही की टाचणी घ्या आणि रीसेटच्या भोकात दहा सेकंद दाबून धरा. राउटर कोरा होतो. आता खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड चालतो, पान उघडतं, तुम्ही खूश! फक्त `PPPoE`चं यूजरनेमही पुसलं गेलेलं असतं, म्हणून इंटरनेटचा दिवा लालच राहतो. कस्टमर केअर म्हणतं, "सर, माणूस उद्या येईल." तो परवा येतो, तुमचा मोबाइल नंबरच वाय-फायचा पासवर्ड करतो, नवी चिठ्ठी चिकटवतो आणि जातो. मग टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, सासऱ्यांचा फोन, एकेक जोडत बसा. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड पुन्हा टाकला असता तर सगळं आपोआप जोडलं गेलं असतं. पण तो कुठाय? पालीकडे!

"पण नेटच बंद असेल तर पासवर्ड मॅनेजर उघडणार कसा?" हा प्रश्न जरूर विचारा, मात्र उत्तर ऐकू नका. कीपासएक्ससी या मॅनेजरची फाइल लॅपटॉपवरच असते. बिटवॉर्डन या दुसऱ्या मॅनेजरमध्ये फोनवर लॉगिन केलेलं असेल तर जुन्या नोंदी नेटशिवाय दिसतात, नवी मात्र करता येत नाही. म्हणून ॲप लॉक करायचं, लॉगआउट नाही.

अहो, किती वेळ लागतो याला? मॅनेजरमध्ये तीन पासवर्डांच्या तीन नोंदी करा. नावात घर लिहा, "पुणे – राउटर", "गाव – राउटर". दोन्हीकडे पत्ता `192.168.1.1` असेल तर ब्राउझर एकाच्या जागी दुसऱ्याचा पासवर्ड भरतो, आणि तुम्ही राउटरला शिव्या घालता. नवा पासवर्ड आधी मॅनेजरमध्ये सेव्ह करा, मगच राउटरमध्ये टाका. लगेच बाहेर पडून पुन्हा लॉगिन करून बघा, कारण काही राउटर लांब पासवर्डची शेपटी गुपचूप कापतात. वाय-फायला 8 ते 63 अक्षरं चालतात. टीव्हीच्या रिमोटने टाकायचा असतो, म्हणून इंग्रजी स्मॉल अक्षरांतले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. मोबाइल नंबर नको, तो अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे!

आणि ती नवी चिठ्ठी आधी फाडा. कालच्या व्हिडिओ कॉलमध्ये तुमच्या डोक्यामागे ती स्पष्ट वाचता येत होती.