मीटरचे दोन फोटो आणि आत्याचं गॅसबिल

माझी आत्या एकटी राहते. स्वयंपाकघरात पाइप गॅस आहे आणि बिल दोन महिन्यांनी येतं. ऑगस्टअखेरीस तिचा फोन आला, "अगं, या वेळी बिल किती येईल? तेवढे बाजूला काढून ठेवते." फॅमिली ग्रुपवर तिने टाकलेले मीटरचे दोन फोटो माझ्याकडे स्क्रीनशॉट काढून ठेवलेले होते. मी पाच मिनिटांत आकडा काढला आणि सांगितलं, ११६७ रुपये. गुणाकार, भागाकार सगळं बरोबर होतं, तरी तो आकडा चुकीचा होता. ही चूक घरोघरी होत असणार, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिला फोटो ३ ऑगस्टचा, रीडिंग ४१२.३८६. दुसरा गणपती बसले त्या दिवशी सकाळचा, म्हणजे २७ ऑगस्टचा, रीडिंग ४२१.७२२. गॅसमीटरवर काळ्या खिडकीतले आकडे हे पूर्ण युनिट आणि लाल चौकटीतले तीन आकडे हे दशांशानंतरचे. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, बिलावर त्यालाच एससीएम म्हणतात. लाल आकडे न ओळखता सलग वाचले तर ४१२३८६ दिसतं आणि वापर नऊ हजारांवर गेल्यासारखा वाटतो. शेजारच्या काकूंचं असंच झालं होतं, त्या रात्रभर झोपल्या नाहीत.

दोन्ही रीडिंगमधला फरक ९.३३६ युनिट, दिवस २४. भागाकार केला की रोजचा वापर ०.३८९ युनिट येतो. बिल ६० दिवसांचं, म्हणजे २३.३४ युनिट. तिच्या बिलावरचा दर कर धरून युनिटला ५० रुपयांच्या आसपास पडतो, हिशेब सोपा जावा म्हणून मी सरळ ५० धरला. झाले ११६७. तुम्ही तुमच्या बिलावरचा दर घ्या, आणि तो कराआधीचा आहे का हे बघा. नैसर्गिक गॅस जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात तो एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्क्यांवर आला.

मग चूक कुठे झाली? दोन फोटोंवरून कळतं ते फक्त गॅस किती वेगाने जातो आहे. बिल मात्र मागच्या बिलावरच्या शेवटच्या रीडिंगपासून पुढे मोजलं जातं, माझ्या पहिल्या फोटोपासून नाही. मी आत्याला मागचं बिल शोधायला लावलं. त्यावर १२ जुलैचं रीडिंग होतं ३९८.

आता हिशेब पुन्हा मांडला. पुढचं रीडिंग १० सप्टेंबरच्या सुमारास होणार, म्हणजे दुसऱ्या फोटोनंतर १४ दिवसांनी. चौदा दिवसांचे ५.४५ युनिट ४२१.७२ मध्ये मिळवले की मीटर ४२७.१७ वर असेल. त्यातून ३९८ वजा केले तर २९.१७ युनिट, म्हणजे १४५८ रुपये. पहिल्या उत्तरापेक्षा २९१ रुपये जास्त. पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईला हा फरक जाणवतो.

हे २९१ रुपये आले कुठून? उलट मोजत गेले. ३ ऑगस्टच्या ४१२.३९ मधून आधीच्या २२ दिवसांचे ८.५६ युनिट काढले, तर १२ जुलैला मीटरवर साधारण ४०३.८३ असायला हवं होतं. बिलावर ३९८. जवळजवळ सहा युनिट कमी! आत्याला विचारलं तेव्हा आठवलं, जुलैत ती आठवडाभर माझ्याकडे होती, घराला कुलूप होतं. रीडिंगवाल्याला मीटर दिसलं नाही आणि बिल अ‍ॅव्हरेजवर काढलं गेलं. त्या वेळी जे कमी लागलं ते आता जोडून येणार होतं. गॅस जास्त जाळला नव्हता, गळतीही नव्हती. फक्त मागची बाकी पुढे सरकली होती.

(आठवडाभर घर बंद होतं हे लक्षात घेतलं तर १२ जुलैचा माझा आकडाही ढोबळच आहे. पण बिलाच्या अंदाजाला त्याने काही फरक पडत नाही, कारण तिथे आपण ३९८ पासूनच मोजतो.)

याचं मला खरंच वाईट वाटतं. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजाने टाकलेलं, हे तिच्या बिलावर एका कोपऱ्यात, बारीक टायपात, इंग्रजी आद्याक्षरांत होतं. तिचा चष्मा लावून मलाही ते पटकन सापडलं नाही. ही गोष्ट रकमेच्या शेजारी, ठळक मराठीत छापली पाहिजे. "हे बिल अंदाजे आहे" एवढे चार शब्द पुरेत. ते वाचलं असतं तर आत्याने त्याच दिवशी मीटरचा फोटो पाठवून रीडिंग दुरुस्त करून घेतलं असतं.

तोपर्यंत ओळखायचा सोपा उपाय आहे. बिल हातात आलं की उठून मीटर बघा. मीटरवरचा आकडा बिलावरच्या शेवटच्या रीडिंगपेक्षा कमी असेल, तर तुमच्याकडून न वापरलेल्या गॅसचे पैसे मागितले आहेत. लगेच फोटोसकट कळवा. आकडा खूपच पुढे गेला असेल, तर पुढचं बिल मोठं येणार हे आजच धरून चाला.

स्क्रीनशॉटबद्दल एक सांगायलाच हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर दिसते ती फोटो पाठवल्याची वेळ, काढल्याची नाही. आणि आपण स्क्रीनशॉट काढला की गॅलरीत त्याला त्या दिवसाची तारीख लागते. पहिला फोटो दोन दिवस आधी काढून ठेवलेला असेल, तर २४ दिवसांचे खरे २६ होतात आणि रोजचा वापर ०.३८९ ऐवजी ०.३५९ निघतो. म्हणून मी आता आत्याला सांगितलं आहे, फोटोखाली "३ तारीख, सकाळी सात" असं लिहूनच पाठव. फोटोत लाल आकडेही आले पाहिजेत. महिन्याभराच्या फरकात ते नसले तर फारसं बिघडत नाही, पण आठवड्याच्या फरकात दोन युनिट की तीन, एवढा गोंधळ होतो.

लाल आकड्यांचा आणखी एक उपयोग. रात्री सगळे बर्नर बंद केल्यावर एक फोटो, सकाळी चहा ठेवायच्या आधी दुसरा. मधल्या वेळात गॅसगीझरही लागलेला नको. आकडा अजिबात हललेला नसावा. हलला असेल तर बिलाचा विचार नंतर, आधी मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन इमर्जन्सी नंबरला फोन लावा. गॅसचा वास आला तर मात्र फोटो काढत बसू नका, लगेच हेच करा.

आत्याचं बिल सप्टेंबरमध्ये आलं. रीडिंग ४२९, वापर ३१ युनिट, रक्कम १५५० च्या घरात. माझ्या दुसऱ्या अंदाजापेक्षा जवळजवळ दोन युनिट जास्त, आणि त्याचं कारण उघड आहे. माझे दोन्ही फोटो श्रावणातले आणि त्याला लागून असलेल्या दिवसांतले होते. आत्या एकटी, सोमवार-शनिवार उपास, एकवेळचा स्वयंपाक. नंतरच्या चौदा दिवसांत गणपती, गौरी, उकडीचे मोदक, जेवायला बारा माणसं. शांत दिवसांच्या वेगाने सणाचे दिवस मोजले तर आकडा कमीच येणार. आता दिवाळीचं बिल मोजताना फराळाच्या आठवड्याच्या आधी एक फोटो आणि नंतर एक, असं ठरलं आहे. आत्याने कॅलेंडरवर तारखांना गोल करून ठेवलेत.