पस्तीस दिवसांनी नाकारलेला डोस

महालातल्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी तर्री-पोह्याच्या प्लेटा थंड झाल्या, कारण नितीनने आल्या आल्याच तक्रार मांडली. त्याची धाकटी मुलगी ओवी हिला २४ फेब्रुवारी २०२५ रोजी अंगणवाडीतल्या फेरीत जीवनसत्त्व ‘अ’चा डोस मिळाला नव्हता आणि पत्नीला मुलीसह तशीच परतावे लागले होते. गोष्ट जुनी असली तरी पुढची फेरी तोंडावर आली होती आणि त्याचा राग ताजा होता. “औषध समोर आहे, मूल समोर आहे, सरकारने ते मोफत ठेवले आहे, मग नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला?” असा त्याचा सवाल होता.

सुमनताई आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत आणि अशा वेळी त्या उत्तर देण्याआधी कार्ड मागतात. नितीनने मोबाइलमधला माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो दाखवला. ओवीचा जन्म १० जून २०२३ चा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर, मार्च २०२४ मध्ये, गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर तिला पहिला डोस मिळाला होता. दुसरा डोस दीड वर्षाच्या सुमारास व्हायचा, पण त्या दिवसांत ती भंडाऱ्याला आजोळी असल्यामुळे तो २० जानेवारी २०२५ रोजी झाला. “म्हणजे फेरीच्या दिवशी त्या डोसाला ३५ दिवस झाले होते,” ताई म्हणाल्या. “दोन डोसांत सहा महिने हवेत. त्या सेविकेने कार्ड वाचले आणि योग्य तेच केले.”

नितीनला हे पटेना, आणि मला वाटते त्याची शंका रास्त होती. टॉनिक रोज पाजता येते, मग हे जीवनसत्त्व सहा-सहा महिने का थांबवायचे? याचे उत्तर मेडिकल चालवणाऱ्या प्रदीपने दिले, आणि ते मी जसे समजलो तसे इथे लिहितो. जीवनसत्त्व ‘अ’ स्निग्धात विरघळते, त्यामुळे ते लघवीवाटे सहज निघून जात नाही. यकृतात साठते आणि तिथून हळूहळू वापरले जाते. ज्याला आपण बोलताना युनिट म्हणतो ते आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. दोन लाख युनिट म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम झाले. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज साधारण ४०० मायक्रोग्रॅम धरली, तर हा एक डोस कागदावर १५० दिवसांची, म्हणजे पाच महिन्यांची शिदोरी ठरतो. सगळे शोषले जात नाही आणि साठाही हळूहळू घटतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे, परंतु चार ते सहा महिन्यांचे अंतर का निवडले गेले ते त्यावरून समजते. ओवीच्या यकृतात ती शिदोरी जेमतेम महिनाभर आधी भरलेली होती.

“मग त्या दिवशी चुकून दिला असता, तर विषबाधा झाली असती काय?” नितीनने विचारले. इथे ताई आणि प्रदीप यांचे मत जुळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार मोठ्या डोसांमध्ये किमान एक महिना असावा, त्यामुळे ३५ दिवसांनी दिलेल्या डोसाने घाबरून जाण्याचे कारण नव्हते, असे प्रदीपचे म्हणणे. ताईंचे म्हणणे असे की सुरक्षिततेची खालची मर्यादा आणि वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक महिना ही मर्यादा अपघाताने डोस लवकर गेला तर समजून घेण्यासाठी आहे, ठरवून तसे देण्यासाठी नाही. मी ताईंच्या बाजूने आहे. डोस जास्त झाला तर मूल एक-दोन दिवस उलट्या करते, डोके दुखल्याने किरकिर करते, अगदी लहान बाळाची टाळू फुगलेली दिसते. हे बहुधा आपोआप ओसरते, पण गरज नसताना लेकराला त्यातून का न्यावे?

नितीनने मग आपला हुकमाचा पत्ता टाकला. त्याच्या पुतण्याला गोवर झाला होता तेव्हा डॉक्टरांनी जीवनसत्त्व ‘अ’ लागोपाठ दोन दिवस दिले होते. सहा महिन्यांचा नियम तेव्हा कुठे गेला? प्रश्न चोख होता. ताईंनी सांगितले की तो उपचार आहे, प्रतिबंध नव्हे. गोवरात रक्तातील ‘अ’ झपाट्याने उतरते आणि डोळ्याच्या बुबुळाला इजा होण्याची भीती असते. म्हणून पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वयानुसार डोस देतात, आणि डोळ्यांवर लक्षणे असल्यास दोन-चार आठवड्यांनी तिसरा. ते दवाखान्यात, मुलाला तपासून आणि मागचा डोस कधी झाला ते विचारून ठरते. अंगणवाडीच्या फेरीत ते माप लावायचे नसते.

माप म्हटल्यावर ताईंनी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली. वर्षाच्या आतील मुलाला एक लाख युनिट आणि वर्ष पूर्ण झालेल्याला दोन लाख. आपल्याकडच्या द्रवात प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक लाख असल्याने ते अनुक्रमे १ आणि २ मिलिलिटर होतात. बाटलीबरोबर येणारा चमचा पूर्ण भरला की २ मिलिलिटर, अर्ध्या खुणेपर्यंत १. तो चमचा हरवला आणि कोणी ५ मिलिलिटरचा औषधाचा चमचा वापरला, तर एका घोटात पाच लाख युनिट जातात. या मापाचा आधार वय असतो, डोसाचा क्रमांक नसतो. ज्या मुलाला नवव्या महिन्यात काहीच मिळाले नाही आणि जे चौदाव्या महिन्यात पहिल्यांदा आले, त्याला ‘पहिला डोस’ म्हणून १ मिलिलिटर देण्याची चूक होऊ शकते. त्याला २ द्यायचे.

वाद संपत आला असे वाटत असतानाच प्रदीपने सर्वांत अवघड मुद्दा काढला. समजा फेरी आली तेव्हा मागच्या डोसाला साडेचार महिने झाले आहेत, आणि कुटुंब विटाभट्टीवर कामाला निघाले आहे. परत पाठवायचे? ताई बराच वेळ गप्प राहिल्या. नियम सहा महिन्यांचाच आहे, असे त्या आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या की चार ते सहा महिने हे अंतर जागतिक संघटनेलाही मान्य आहे. मूल पुन्हा सापडणार नाही याची खात्री असेल, तर त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून डोस देतील आणि कार्डावर तारीख ठळक लिहितील. ओवीचे तसे नव्हते. ती इथेच राहणार होती आणि तिचा डोस २० जुलैपासून देय होता.

आम्ही कागदावर तिचे पुढचे डोस मांडले. पूर्ण वेळापत्रकात पाच वर्षांपर्यंत नऊ डोस असतात: पहिला एक लाखाचा, उरलेले आठ दोन लाखांचे, एकूण सतरा लाख. ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतर दर फेब्रुवारी-ऑगस्ट धरले, तर फेब्रुवारी २०२८ पर्यंत ओवीचे आठच डोस होतात, कारण जूनमध्ये ती पाच वर्षांची होईल. नितीनने विचारले, राहिलेला नववा कुठे तरी मध्ये बसवता येईल काय? ताईंनी कागद त्याच्या हातात परत दिला आणि नाही म्हणाल्या. दोन तारखांमधले अंतर कमी करून संख्या पुरी करायची नाही, आठ होतील ते वेळेवर होऊ द्यायचे.