अंगठा मुकादमाच्या ओट्यावर

‘सर, ऊसतोड मजुरांवरच्या प्रबंधासाठी यामानेच्या सूत्राने 334 जणांचा नमुना काढला, गाइडनी मान्य केला. संमतीपत्रही जोडलंय. तरी तुम्ही नमुना आणि नैतिकता ही दोन्ही प्रकरणं परत लिहायला सांगता. आम्ही काही औषधाची चाचणी घेत नाहीये!’

ताई, आकडेमोड बरोबरच आहे. 2000 ऊसतोड मजूर, 5 टक्के त्रुटी, 1 + 2000 × 0.05 × 0.05 = 6, म्हणजे 2000 भागिले 6. पण त्या सूत्राला प्रत्येक मजुराचं नाव चिठ्ठीत असावं लागतं. तुमच्याकडे काय आहे? साक्री-नंदुरबारकडच्या 12 मुकादमांनी प्रत्येकी साधारण 28 नावं दिलीत. एका टोळीची उचल सारखी, कारखाना एक, त्यामुळे उत्तरंही एकमेकांसारखी येणार. हे साम्य (अंतर्गत सहसंबंध) 0.1 धरलं, तर 1 + 27 × 0.1 = 3.7. 334 ला 3.7 ने भागलं, की 334 माणसांचं वजन जेमतेम 90 जणांइतकं उरतं. आणि तेही टोळीतली नावं चिठ्ठ्या टाकून काढली असतील तरच.

दुसरं मला जास्त खटकलं. मुकादमाच्या वहीत उचल घेणाऱ्याचं नाव असतं, बहुतेक वेळा नवऱ्याचं. कोयता मात्र जोडप्याचा! त्यामुळे तुमच्या यादीत बाया जवळजवळ नाहीतच, आणि शीर्षकात ‘ऊसतोड कुटुंबांचे’ असं आहे.

आता संमतीपत्र. चाचणी मुलाखती मुकादमाच्या ओट्यावर झाल्या, 30 पैकी 30 जणांनी होकार दिला, हे तुम्हीच अभिमानाने लिहिलंय. मला तिथेच शंका आली. उचल फिटलेली नाही, पुढच्या हंगामाला हाच माणूस गाडी पाठवणार, तो समोर बिडी ओढत बसलाय. कोण नाही म्हणेल? प्रश्न 14 तर ‘उचल किती बाकी?’ असाच आहे. त्या अंगठ्याला मी संमती म्हणणार नाही. आरोग्य संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतही वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार मागितलाय, आणि म्होरक्याची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. मुकादम तटस्थ कसा?

म्हणून नमुना आणि नैतिकता या दोन्ही प्रकरणांत भोक एकच आहे: मुकादम. आखाजीपर्यंत थांबा, तोवर बहुतेक टोळ्या घरी येतात. गावं चिठ्ठीने निवडा, घरोघर फिरून स्वतः यादी करा, ठरावीक अंतराने घर घ्या आणि एका गावातून दहा-अकराच्या वर नावं नकोत. घरातल्या बाईशी बाई मुलाखतकारानं अहिराणीत किंवा तिच्या बोलीत, वेगळं बसून बोलावं. साक्षीदार शाळेतला किंवा शेजारचा, टोळीबाहेरचा असावा. नावांची किल्ली प्रश्नावलीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. पाड्यावर चारच कोयते असले तर गावाचं नाव छापूही नका. किती जणांनी नकार दिला तेही नोंदवा.

यात जे परत आलेच नाहीत ते सुटतील. मर्यादांमध्ये ते स्पष्ट लिहा. मुकादमांना वगळायचं नाहीये, त्यांच्या मुलाखती वेगळ्या घ्या. उचलीचा हिशेब त्यांच्याकडूनही ऐकायला हवाच.