‘अख्खा जवस गिळा’वाल्या मेसेजला उत्तर

“जवस भाजू नका, दळू नका! भाजल्याने ओमेगा-३ जळून जातो आणि दळलेला जवस तासाभरात विषारी होतो. रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे कच्चा अख्खा जवस गिळा, पोटात आपोआप विरघळतो. महिनाभरात बीपीची गोळी बंद! तिळात दुधाच्या आठपट कॅल्शियम असते, तेही अख्खेच खा.”

हा मेसेज उदगीरला माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिनं बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. नाहीतर असल्या गोष्टींना उत्तर देत बसायला वेळ कुणाला आहे? जिनं जन्मभर जवस भाजून, उखळात कुटून चटणी केली, तिला कुणीतरी अनोळखी माणूस सांगतो की बाई, तुझं चुकलं, आणि ती ते मानते, याचा राग जास्त आहे.

आधी ते विरघळण्याचं बघू. जवसाचे चार दाणे तळहातावर घ्या. चपटे, गुळगुळीत, एका टोकाला निमुळते. दाताखाली धरायला गेलं की निसटतात, त्यामुळे “चावून खाते” म्हणणाऱ्यांच्याही तोंडातून बरेचसे दाणे सबंधच खाली जातात. बाहेरचं टरफल चिवट तंतूंचं असतं आणि त्यावर एक पातळ थर असतो, जो पाणी लागलं की बुळबुळीत होतो. असले तंतू पचवणारे रस माणसाच्या पोटात नसतात, आणि जठरातल्या आम्लानंही ते टरफल फुटत नाही. तेल सगळं आतल्या गरात. म्हणजे दाणा पोटात फुगतो, भोवती चिकट बुळबुळीत वेष्टण तयार होतं आणि तो तसाच घसरत पुढं जातो. आतलं तेल जिथल्या तिथं. खात्री करायची असेल तर एक-दोन दिवसांनी शौचाला गेल्यावर पाहा, किळस वाटली तरी पाहा. तपकिरी, चकचकीत, सबंध दाणे दिसतील. बैलाला अख्खी ज्वारी घातली की शेणात दाणे निघतात हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे, म्हणून तर धान्य भरडून घालतात. चार कप्प्यांच्या पोटाला जे जमत नाही ते आपल्या पोटाला जमेल?

हे नुसतं तर्कानं म्हणत नाही. कॅनडातल्या विनिपेगच्या संशोधकांनी २००८ साली हे प्रसिद्ध केलं आहे. निरोगी माणसांना रोज ३० ग्रॅम जवस दिला, काहींना अख्खा, काहींना दळलेला, तर काहींना तेवढंच ओमेगा-३ असलेलं जवसाचं तेल. दळलेला जवस आणि तेल घेणाऱ्यांच्या रक्तात जवसातलं ओमेगा-३ वाढलं. अख्खा खाणाऱ्यांच्या रक्तात म्हणण्यासारखी वाढ झालीच नाही. पैसे जवसाचे, पदरात फक्त टरफल.

बीपीच्या दाव्याचं मूळही तिथलंच, आणि हे कुणी मेसेजमध्ये सांगत नाही. २०१३ मध्ये याच विनिपेगच्या गटानं पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम जवस दिला आणि त्यांचं वरचं बीपी खरंच साधारण दहा अंकांनी कमी राहिलं. पण तो जवस दळलेला होता, खाण्याच्या पदार्थांत घातलेला होता, आणि त्या रुग्णांपैकी बहुतेकांची बीपीची औषधं चालूच होती. गोळीच्या जोडीला दळलेला जवस, असा तो प्रयोग. त्यातून “गोळी बंद” कुणी काढलं देव जाणे. गोळी मनानं कमी केली की बीपी वर जातं, आणि ते वर गेलेलं कळतही नाही. पक्षाघात आला म्हणजे कळतं. जवसानं बीपी उतरलंच तर गोळी कमी करायचं डॉक्टर ठरवतील, मोबाइल नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. भिजवलेल्या अख्ख्या जवसानं पोट साफ होतं. ते काम त्या बुळबुळीत थराचं, आतल्या तेलाचं नाही. त्यालाही पाणी भरपूर लागतं. कोरडा जवस गिळून वर दोन घोट पाणी प्यायलं तर तो आतड्यात फुगून अडकू शकतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. आणि हा चिकट थर औषधं शोषू देण्यात आडवा येतो, म्हणून गोळ्या आणि जवस एकाच वेळी घेऊ नयेत, तास-दोन तासांचं अंतर ठेवावं.

आता भाजण्याचं. भट्टीत भाजलेल्या पदार्थांत जवस घालून तपासणी झालेली आहे. दाण्यातलं ओमेगा-३ जवळजवळ सगळं टिकतं. जवसाच्या तेलाची फोडणी करू नये हे खरं, पण सुटं तेल तापवणं वेगळं आणि दाणा भाजणं वेगळं. उलट कच्च्या जवसात थोडी सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, दाणा कुटून ओला झाला की ती मोकळी होतात, आणि भाजल्यानं त्यांचा जोर कमी होतो. चमचा-दोन चमच्यांत घाबरायचं काही नाही, पण “विष” हा शब्द वापरायचाच तर कच्च्यासाठी वापरा.

भाजायचं कसं? जाड बुडाची कढई, मंद आच, आणि जवस एवढाच की तळाशी पातळ थर बसेल. सतत हलवायचं. चार-पाच मिनिटांत दाणे तडतडायला लागतात, किंचित फुगतात. रंगावर जाऊ नका, तो मुळातच तपकिरी असतो. एक दाणा गार करून दातानं फोडा. कट्‌ आवाज झाला की उतरवा, चिवट लागला तर आणखी थोडं थांबा. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, गरम दळलं की वाफेनं गोळे होतात. मिक्सर थांबून थांबून फिरवा, नाहीतर तेल सुटून पात्यांना लगदा चिकटतो. तीळ वेगळे भाजा, ते दोन-तीन मिनिटांतच उडायला लागतात आणि जवसासोबत घातले तर करपतात.

दळल्यावर तेलाला हवा लागते, ते हळूहळू खवट होतं, हे खरं. पण तासाभरात नाही. आठवड्यापुरतं दळा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. ओला लसूण घातलेली चटणी तर त्याहून लवकर संपवा. वास घेऊन बघा: खमंग असेल तर खा, ऑइलपेंटसारखा वास आला किंवा जीभ कडवटली तर टाकून द्या. एक-दोन मोठे चमचे कूट भाकरीवर, वर करडईचं तेल, एवढं दिवसाला बास.

तिळाचं थोडक्यात. १०० ग्रॅम सालीसकट तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२०, त्यामुळे आठपट हे आकड्यानं बरोबर. पण तीळ १०० ग्रॅम कोण खातं? मोठा चमचाभर तिळात नव्वदच्या आसपास मिळतं, पेलाभर दुधात दोनशेच्या वर. शिवाय तिळाचं कॅल्शियम बरंचसं सालीत ऑक्झलेटला बांधलेलं असतं, ते अंगी कमी लागतं. आणि पॉलिशचे पांढरे तीळ घेतले तर ती सालही गेलेली असते.