पिन बसली, पण फोनने माइक घेतला का?

सध्या व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश असा: “मोबाइलला इयरफोनचं गोल भोक नसलं तरी टेन्शन नको. कुठलाही टाइप-सी कन्व्हर्टर घ्या, सगळे सारखेच. इयरफोनवर गाणं वाजलं की समजा माइकही चालणार. कुठलाही कॉलर माइक लावा, पिन बसली की व्हिडिओत आवाज माइकचाच येतो.”

दापोलीकडच्या एका ओळखीच्या पोराने हा संदेश वाचून कन्व्हर्टर घेतला आणि हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव शूट करायला गेला. मासे विकणाऱ्या एका मावशींच्या पदराला माइक लावला, फोन दोन मीटरवर स्टँडवर ठेवला आणि चांगली लांब मुलाखत घेतली. घरी येऊन ऐकतो तर वारा, लाटा, टेम्पोचा हॉर्न आणि या सगळ्यांच्या पाठीमागे कुठेतरी मावशी. त्याने माइकवर खापर फोडलं. माइक चांगला होता, फक्त फोनने तो घेतलाच नव्हता.

तो माइक त्याने आदल्या दिवशी घरी तपासला होता, हे विशेष. बंद खोलीत फोन हातभर अंतरावर असला की फोनचा स्वतःचा माइकही छान आवाज पकडतो, त्यामुळे फरक कळत नाही. बंदरावर मात्र कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर आणि फोन त्याच्या दहापट लांब. तिथे गुपित फुटतं, पण तोवर मुलाखत होऊन गेलेली असते.

आता “सगळे सारखेच” याबद्दल. वरून सारख्या दिसणाऱ्या टाइप-सी कन्व्हर्टरच्या दोन जाती आहेत. एकात नुसत्या तारा असतात. आवाजाचा मूळ विद्युत संकेत टाइप-सीच्या पिनांवर थेट आणून देण्याची सोय काही फोनमध्ये असते, हा कन्व्हर्टर फक्त अशाच फोनवर चालतो. दुसऱ्यात लहानशी चिप असते. ती स्वतःच साउंड कार्ड असते आणि फोनला आकड्यांच्या रूपात आवाज देते-घेते. सॅमसंगच्या एस २० पासूनच्या महागड्या फोनना किंवा टाइप-सी असलेल्या आयफोनना (म्हणजे आयफोन १५ पासून पुढे) हाच लागतो. तारांचा कन्व्हर्टर लावला तर फोन बहुधा काही बोलतही नाही, गुपचूप आपल्या माइकवर रेकॉर्डिंग चालू ठेवतो. दुकानात विचारताना “चिपवाला, डॅक असलेला, आणि माइक चालणारा” असे तिन्ही शब्द वापरा. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग. तिसरा शब्द महत्त्वाचा, कारण काही चिपवाल्यांत आवाज बाहेर काढायची सोय असते, आत घ्यायची नसते.

खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा लॅपटॉप जास्त खरं सांगतो. आधी माइक कन्व्हर्टरमध्ये बसवा, मग कन्व्हर्टर लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा आणि साउंडच्या सेटिंगमध्ये इनपुटची यादी पाहा. नवं नाव आलं तर चिप आहे आणि माइकही घेते. नाव फक्त आउटपुटमध्ये आलं तर तो गाण्यांपुरता. कुठेच काही आलं नाही तर नुसत्या तारा. माइक आधी लावायचा, कारण ॲपलच्या कन्व्हर्टरसारखे काही त्यात काही खोचल्याशिवाय स्वतःची ओळखच देत नाहीत. आमच्या पोराच्या कन्व्हर्टरचं नाव कुठेच आलं नाही.

इयरफोनच्या गाण्याने माइक सिद्ध होत नाही, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या. फोनसाठीच्या पिनवर तीन काळ्या रेघा आणि त्यामुळे धातूचे चार भाग असतात. टोकापासून मोजलं तर डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि सगळ्यात मागे माइक. गाणं पहिल्या तिघांवरच वाजतं, चौथा मेलेला असला तरी कानाला पत्ता लागत नाही.

“कुठलाही कॉलर माइक” इथेच अडतो. कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या माइकच्या पिनवर बहुधा दोनच रेघा, म्हणजे तीन भाग. ती फोनच्या गोल भोकात छान बसते, पण तिचा लांब मागचा भाग ग्राउंड आणि माइक या दोन्ही जागांना एकदम टेकतो. फोन तिथे रोध मोजतो, शून्य सापडतो आणि तो ठरवतो की साधा हेडफोन लागलाय, माइक नाही. अशा माइकला मध्ये तीनातून चार करणारा अडॅप्टर लागतो, म्हणजे एका टोकाला चार भागांची पिन आणि दुसरीकडे माइक व हेडफोनसाठी दोन वेगळी भोकं. घेताना सांभाळा: याच्यासारखीच दिसणारी दोन पिना आणि एक भोक असलेली वायर डेस्कटॉपसाठी असते, फोनला तिचा काही उपयोग नाही. माइकच्या तारेवर छोटी डबी आणि स्विच असेल तर तो फोनच्या बाजूला हवा. स्विच कॅमेऱ्याच्या बाजूला असला की माइक डबीतल्या सेलवर चालतो.

शून्य रोधाची आणखी एक गंमत. इयरफोनचं बटण दाबलं की नेमकं हेच होतं, माइक आणि ग्राउंड जोडले जातात. म्हणून खाऱ्या हवेत हिरवी पडलेली किंवा ढिली पिन हलली की फोनला बटण दाबल्यासारखं वाटतं, आणि मुलाखत चालू असताना मध्येच गाणं सुरू होतं किंवा व्हॉइस असिस्टंट डोकं वर काढतो. किनाऱ्यावर शूट करणाऱ्याने हा प्रकार दिसला की फोन बदलायच्या आधी पिन पुसून पाहावी.

राहिलं “पिन बसली की आवाज माइकचाच”. पोराने चिपवाला कन्व्हर्टर आणला, लॅपटॉपने इनपुटमध्ये नाव दाखवलं, तरी फोन ढिम्म. त्याचा फोन ओप्पो-रिअलमीच्या घराण्यातला. चिपवाला कन्व्हर्टर हे बाहेरचं यूएसबी उपकरण, आणि या फोनमध्ये `OTG connection` हे सेटिंग हाताने चालू करावं लागतं. दहा मिनिटं काही लावलेलं नसलं तर ते आपोआप बंदही होतं. म्हणजे सकाळी घरी चालू केलेलं लिलाव सुरू होईपर्यंत बंद झालेलं असणार. ते चालू केल्यावर व्हॉइस रेकॉर्डर माइक घेऊ लागला, पण फोनचं कॅमेरा ॲप अजूनही नाही. काही कॅमेरा ॲप यूएसबी माइककडे बघतच नाहीत. त्याने ओपन कॅमेरा हे मोफत ॲप घेतलं, व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Audio source` मध्ये जाऊन `External mic` निवडलं, तेव्हा काम झालं. सॅमसंगवाल्यांनी प्रो व्हिडिओमध्ये माइक निवडायची जागा पाहावी. तिथे यूएसबीचा पर्याय असतो.

खात्री करायची रीत ज्या ॲपमध्ये शूट करणार त्याच ॲपमध्ये वापरा. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हलकं खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर टकटक करा. थांबवा, कन्व्हर्टर काढा आणि मगच ऐका. न काढता ऐकलं तर फोन आवाज हेडफोनकडे पाठवतो, स्पीकर गप्प राहतो आणि लोक म्हणतात रेकॉर्डिंगच झालं नाही. खरवड मोठी आणि टकटक पुसट असेल तर फोनने माइक घेतलाय. उलटं असेल तर व्हिडिओत फोनचाच माइक आहे. हे बंदरावर पोचल्यावर, सगळं जोडून झाल्यावर पुन्हा करा, कारण घरून निघाल्यावर एखादं सेटिंग बंद झालेलं असू शकतं. आणि माइकवर केसाळ टोपी घाला, कारण माइक चालू झाला की हर्णैचा वाराही त्यातच शिरतो.