वादळात तुटलेली तार आणि भरपाई

"वादळानं तार तुटली, म्हणजे दैवी आपत्ती. वीज कंपनीवर जबाबदारी येत नाही, भरपाईही मिळत नाही." रावेर-यावलकडे फिरणारा मेसेज.

हे चूक आहे. मध्य प्रदेशातल्या अशाच प्रकरणात, 2002 साली, सर्वोच्च न्यायालयानं वीज मंडळाला जबाबदार धरलं. पावसाळी रात्री कामावरून परतणारा सायकलस्वार रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेनं गेला होता. मंडळ म्हणालं, तिसऱ्याच कुणीतरी वीजचोरीसाठी तार ओढली होती. न्यायालयानं ते ऐकलं नाही: धोकादायक वीज वाहून नेणाऱ्यानं हानी भरून द्यायचीच, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.

वादळ तर आपल्याकडे दर वैशाखात येतं, त्याला अनपेक्षित दैवी आपत्ती कसं म्हणायचं? तार तुटताच प्रवाह बंद व्हावा, अशी सोय नियमांनीच मागितली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या तारांखाली अर्थिंग केलेली गार्डिंगची जाळी त्यासाठीच असते: तुटलेली तार तिला टेकली की मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो. ती नसेल, तर कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून इतका कमी प्रवाह वाहतो की फ्यूज उडतच नाही.

म्हणून पोलीस पंचनाम्यात जाळी होती का, फ्यूजऐवजी जाड तार घातली होती का, हे नोंदवून घ्या. विद्युत निरीक्षकाकडे चौकशीचा अर्जही द्या.