फोटो उडवलास, आता गेन कुठून काढू?

रात्री साडेदहाला मेसेज येतो. ‘सर, वरच्या सर्किटचा गेन किती? अर्जंट आहे.’ वर बघावं तर काय? मेसेज डिलीट केलेला. खाली भाऊंनी मोठ्या उपकारानं टाइप केलंय: ‘इनव्हर्टिंग ऑप-अँप, 741, R1 10k, R2 100k, R3 100k, R4 10k.’ झालं. आता सरांनी डोळे मिटून, ध्यान लावून गेन सांगायचा.

अरे बाबा, स्क्रीनशॉट का उडवलास? तर म्हणे त्यात वरती माझं नाव आणि रोल नंबर दिसत होता. मग कडा कापून परत पाठव की! नाही. ‘सर, व्हॅल्यूज दिल्यात ना, त्यावरून सांगा.’ हे म्हणजे रंकाळ्यावर भेटू म्हणायचं, कुठल्या बाजूला ते सांगायचं नाही, आणि वर फोन करून विचारायचं की अजून पोचला कसा नाहीस.

राजारामपुरीत डिप्लोमाच्या पोरांच्या शिकवण्या घेतो मी, ज्योतिष नाही बघत. आणि राग नुसत्या पोरांवर नाही. झेरॉक्सच्या दुकानात जो प्रश्नसंच मिळतो, त्यातही हेच. ‘आकृतीत दाखवलेल्या सर्किटचा गेन काढा’ असं छापलंय आणि आकृतीच्या जागी चार बोटं कोरा कागद. कुणीतरी मजकूर उचलून चिकटवला, चित्र आलंच नाही, आणि शेवटी उत्तर मात्र ठणठणीत छापलंय: −10. पोरं तेच पाठ करतात. R2 भागिले R1, पुढं वजा. देवळात घंटा वाजवावी तसं.

आता हे −10 कधी खरं? R1 इनपुटपासून पिन 2 पर्यंत, R2 पिन 2 पासून पिन 6 पर्यंत, R3 नुसता आउटपुटवरचा लोड, आणि R4 पिन 3 पासून ग्राउंडला. असं असेल तर R3, R4 चा गेनशी काही संबंध नाही. पिन 3 चा तो 10k बायस करंटमुळं येणारा ऑफसेट कमी करायला टाकतात, आणि 741 ला 100k चा लोड म्हणजे काहीच नाही. 100 भागिले 10, वजा चिन्ह, −10. मान्य.

पण R3 हा R2 ला समांतर असेल तर? फीडबॅकमध्ये 50k राहिले, गेन −5. R2 आणि R3 एकामागं एक असतील तर 200k, गेन −20. तेच चार रेझिस्टर, तेच आकडे. आत्तापर्यंत तीन उत्तरं झाली, आणि खरी मजा अजून पुढंच आहे.

समज, फीडबॅकमध्ये ‘टी’ आहे. पिन 2 पासून R2 मधल्या एका जोडावर येतो, त्या जोडापासून R3 आउटपुटला जातो, आणि त्याच जोडावरून R4 खाली ग्राउंडला. हे काही मी मुद्दाम अवघड करत नाहीये. मोठे मेगाओमचे रेझिस्टर न वापरता जास्त गेन काढायचा असला की हीच युक्ती करतात, आणि पेपर काढणाऱ्यांना तर ती लई आवडते. आता इनपुटला 50 मिलिव्होल्ट दे आणि करंटच्या मागं चालत जा. पिन 3 ग्राउंडला, म्हणून पिन 2 सुद्धा शून्य व्होल्टच्या आसपास राहतो. R1 मधून 50 मिलिव्होल्ट भागिले 10k, म्हणजे 5 मायक्रोअँपिअर आले. पिन 2 च्या आत करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून ते सगळे R2 मधून पुढं. 100k मध्ये अर्धा व्होल्ट पडला, तेव्हा मधला जोड −0.5 व्होल्टवर. तिथून ग्राउंडला 10k आहे, त्यातून जोडाकडं आणखी 50 मायक्रोअँपिअर येतात. म्हणजे R3 मधून 5 नाही, 55 मायक्रोअँपिअर जातात, आणि त्यात साडेपाच व्होल्ट पडतात. आउटपुट −6 व्होल्ट. गेन −120!

R2, R3 एकामागं एक असतानाचे वीस कुठं, एकशेवीस कुठं! आणि हा सगळा फरक एका 10k च्या एका टोकानं केलाय. ते टोक कुठं जोडलंय एवढंच त्या फोटोत बघायचं होतं, आणि तोच तू उडवलास.

वर आणखी एक जात आहे, अर्धवट कापलेला फोटो पाठवणारी. डावीकडची कड गायब. साधं −10 वालंच सर्किट, पण डावीकडं 10k चा व्हॉल्यूम पॉट होता, मध्यावर ठेवलेला. त्या पॉटचा स्वतःचा अडीच के रेझिस्टन्स R1 च्या रांगेत येऊन बसतो. पॉट सर्किटला जोडायच्या आधी मधल्या पायावर जो व्होल्टेज होता, त्याच्या हिशेबानं गेन 100 भागिले 12.5, म्हणजे −8. मग हे साहेब म्हणणार, ‘सर, तुम्ही सांगितलेलं उत्तर चुकलं.’ मी? मला पॉट दाखवलास कधी?

आणि फोटो पाठवायचाच नसेल ना, तरी चालतंय राव. सर्किट म्हणजे चित्रच लागतं असं नाही, कुठला रेझिस्टर कुठून कुठं जातो हे कळलं की पुरे. सिम्युलेटरमध्ये लिहितात तसं चार ओळींत लिही. 0 म्हणजे ग्राउंड, 2 आणि 6 म्हणजे पिना, x म्हणजे मधला जोड:

```
R1 in 2 10k
R2 2 x 100k
R3 x 6 100k
R4 x 0 10k
```

पिन 3 थेट ग्राउंडला, एवढं खाली मराठीत लिहिलंस तरी बास. यात ना तुझं नाव, ना रोल नंबर. ‘अर्जंट आहे’ लिहायला जेवढी बोटं झिजली, त्याहून थोडी जास्त झिजतील इतकंच. पण नाही! व्हॅल्यूज दिल्यात ना, सांगा.

काल एकाला म्हटलं, R4 चं दुसरं टोक कुठं जातंय तेवढं सांग. उत्तर काय? ‘सर, खाली जातंय.’ खाली! खाली ग्राउंड आहे, खाली पिन 3 आहे, खाली मायनस बारा व्होल्टसुद्धा आहे.

आणि बोर्डावर जोडून पुढ्यात घेऊन बसलेले जे विचारतात, त्यांच्यापुढं तर हात टेकले. भावा, तुझ्यासमोर सर्किट आहे, मला काय विचारतोस? ±12 व्होल्ट सप्लाय लाव, जनरेटरवरून 50 मिलिव्होल्ट पीकची 1 किलोहर्ट्झची साइन दे, आणि पिन 6 वर प्रोब लाव. अर्धा व्होल्ट पीक दिसला तर −10, पाव दिसला तर −5, एक दिसला तर −20, सहा दिसले तर तुझ्याकडं टी आहे. लाट उलटी दिसली पाहिजे, सुलटी दिसली तर इनपुट पिन 3 ला दिलायस. आणि आधी हिशेब न करता एकदम 1 व्होल्ट देऊ नकोस. −120 वाल्या सर्किटला त्या हिशेबानं 120 व्होल्ट काढावे लागतील, बारा व्होल्टच्या सप्लायवर ते कुठून काढणार? लाटेचा माथा दहा-अकरा व्होल्टला सपाट होणार, आणि तू ‘सर, आयसी गेला’ म्हणत नवीन 741 आणायला पळणार.